फेकीचे टाचण

तिने पहिल्यांदा चेंडू फेकला तेव्हा मी मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. मधल्या सुट्टीत कुणाचा तरी टेनिसचा चेंडू टाकीखाली घरंगळत आला. शाळेत रुजू होऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. तिने वाकून तो उचलला, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, शेजारच्या कारखान्याच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या मुलांकडे एकदा पाहिले आणि अंग आडवे केले. हात मागे गेला, पाऊल पुढे पडले, खांद्याच्या आधी कंबर वळली आणि हात अंगावरून तिरका येऊन दुसऱ्या मांडीपाशी थांबला. हे सारे वेगवेगळे घडले असे मला आज म्हणता येते. तेव्हा मला दिसली ती एकच, न तुटणारी हालचाल. चेंडू भिंतीपाशी पोहोचलाही होता.

मुले ओरडली, "एऽ टीचर! परत एकदा! परत एकदा ना!"

त्या शाळेत मला तीन वर्षे झाली होती. त्या काळात मला कुणी 'परत एकदा' म्हटले नव्हते. माझ्या वाट्याला 'बाई, झालं का?' एवढेच येई. टाकीचा नळ गळत होता आणि माझी चप्पल भिजत होती, हे मला बऱ्याच वेळाने जाणवले. मनात जे उमटले त्याला मी त्या दिवशी कौतुक म्हटले. आठवडाभरात ते नाव टिकेनासे झाले.

मी शिक्षिका झाले ती उशिरा. नाशिकला वनस्पतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले, लग्न झाले आणि पतीच्या नोकरीमागोमाग सिल्वासाला आले. ते खडोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात व्यवस्थापक आहेत आणि आम्ही डोकमर्डीत राहतो. मुलगी कॉलेजला गेल्यावर घर इतके शांत झाले की मी चाळिशीत अध्यापनाची पदविका घ्यायला निघाले. माझ्या निम्म्या वयाच्या मुलींच्या बाकावर बसले, सर्व विषयांत चांगले गुण मिळवले, आणि वर्गासमोर उभी राहिले तेव्हा तोंडातून आवाजच फुटेना. आजही माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जाताना दमतो. ज्ञान होते, ते हातापायांत उतरत नव्हते.

तिचे सगळे उलट होते. ती डहाणूकडची, पंचविशीतली, कॉलेजात असताना हँडबॉल खेळलेली. आमच्या मुलांचे आईवडील बहुतेक खानदेशातून कारखान्यांत आलेले, त्यामुळे मुले अहिराणी, हिंदी आणि गुजराती एकाच वाक्यात बोलतात. ती पंधरा दिवसांत त्यांच्यासारखीच बोलू लागली. मला मात्र अजून एखादा मुलगा "बाई, मना डबा कोठे गया?" असे म्हणाला की उत्तर देण्याआधी मनात वाक्य जुळवावे लागते.

दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापिकांनी, ज्यांना आम्ही सगळ्या मोठ्या बाई म्हणतो, आम्हा दोघींना बोलावले. आम्ही दोघीही दरवर्षी नव्याने नेमणूक होणाऱ्या. मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"संस्थेनं प्राथमिकसाठी एक जागा कायम करायची ठरवलीय. वर्ग तर शिकवायचाच, शिवाय सगळ्या प्राथमिकचे खेळाचे तास त्याच बाईंकडे. उमेदवार तुम्ही दोघी. सुट्टीनंतर संस्थेचे लोक येतील. तुम्ही प्रत्येकी चाळीस मिनिटांचा एक पाठ घ्यायचा. दुसरी अ आणि दुसरी ब."

"विषय?" तिने विचारले.

"चेंडू खांद्यावरून फेकणं. आपली पोरं पाचवीत जातात तरी दगड भिरकावल्यासारखी फेकतात. अगदी नवशिक्यांसाठी हवं. आणि टाचण दोघींनी मिळून करा, एकच. मला टाचण नाही बघायचं, बाई बघायच्या आहेत."

पाठाचे टाचण म्हणजे तास कसा घ्यायचा याचा लिहिलेला आराखडा. मोठ्या बाई टाचण बघणार असत्या तर मी जिंकले असते.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ताई, बरं झालं तुम्ही आहात. मला लिहायचा भारी कंटाळा. तुम्ही लिहा, मी नाचते."

"पण तुम्हाला अनुभव आहे," मी म्हणाले.

"अहो, मला तू म्हणा ना. माझी आईसुद्धा तुमच्याएवढी नाही."

ती हे प्रेमाने म्हणाली असणार. मी तिला 'तू' म्हटले नाही.

सुट्टीत ती दोनदा आमच्या घरी आली. जेवणाच्या टेबलावर मी पाठ मांडत होते आणि ती चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होती. त्या बैठकांत मला एक गोड, काहीसे क्षुद्र समाधान मिळाले, कारण पुस्तकी बाजू माझी होती. तिला भिंतीवर छोटी रिंगणे काढायची होती, रिंगणात चेंडू लागला की गुण.

"मजा येईल मुलांना," ती म्हणाली.

"येईल. पण नेम साधायला सांगितलं की नवशिकी मुलं जपून फेकतात. कोपर पुढे धरून नुसतं मनगट हलवतात. पाय जागचा हलत नाही, कंबर वळत नाही. आधी जोर यायला हवा, नेम नंतर. त्यांना नुसतं सांगायचं, भिंतीवर जितकं जोरात मारता येईल तितकं मारा."

ती शेंगदाणा तोंडाशी धरून थांबली. "हो की! माझा धाकटा भाऊ अगदी असंच करायचा. बरोबर आहे तुमचं ताई. रिंगणं कॅन्सल."

इतक्या सहज तिने हार मानली की मला जिंकल्यासारखे वाटलेच नाही.

हळूहळू पाठ आकाराला आला. पहिली पाच मिनिटे मैदानावर जाणे, रांगा आणि नियम यांसाठी: सगळ्यांनी एकाच दिशेला फेकायचे आणि शिट्टी वाजल्याशिवाय कुणीही चेंडू आणायला धावायचे नाही. तिला हे पाच मिनिटांचे काम वाटत नव्हते. मी म्हणाले, तुमच्या वर्गाचे नसेल, माझ्या वर्गाचे आहे. मग पाच मिनिटे अंग मोकळे करणे, त्यात खांदे आणि कंबर यांना जास्त वाव. सहा मिनिटे कृती दाखवणे. सर्वांत मोठा भाग सरावाचा, बारा मिनिटांचा, कारण बाई जितका वेळ बोलतात तितका वेळ मुलांचे हात रिकामे राहतात. त्यानंतर आठ मिनिटे खेळ: मध्ये चुन्याची रेघ, दोन्ही बाजूंना दोन गट, आपल्या अंगणात पडलेला प्रत्येक चेंडू पलीकडे फेकून अंगण साफ ठेवायचे. त्यात उभे राहून वाट पाहणारे कुणी नसते आणि बाद होणारेही कुणी नसते. शेवटची चार मिनिटे श्वास, दोनचार प्रश्न आणि साहित्य गोळा करणे.

कृतीसाठी आम्ही मुलांना पाठ होतील असे शब्द शोधले. हे मात्र खरोखर दोघींचे काम होते. मी 'निशाणाकडे डावा खांदा' लिहिले, तिने ते खोडायला लावले.

"दुसरीतलं पोरगं आहे ताई, त्याला डावा म्हटलं की ते हात बघत बसतं. 'आडवे उभे' म्हणा."

शेवटी ठरले: आडवे उभे, हात मागे, पाय पुढे, फेक, हात खिशाकडे. पाय म्हणजे फेकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूचा. सगळी मेख त्यातच असते. त्या पायामुळे कंबर वळते आणि कंबरेमुळे हाताला जोर मिळतो. अगदी नवशिकी मुले हाताच्या बाजूचाच पाय टाकतात, नाहीतर टाकतच नाहीत.

प्रत्येक मुलाला स्वतःचा चेंडू हवा, हा माझा हट्ट होता. टेनिसचे चेंडू शाळेकडे सात-आठ. पतीने कारखान्यातून वाया गेलेल्या धाग्याचे एक पोते आणून दिले. त्याचे मुठीएवढे घट्ट गोळे गुंडाळले, वरून शिवले. भिंतीवर आपटून ते फार लांब उडत नाहीत आणि कुणाच्या तोंडावर बसले तरी लागत नाही. कित्येक संध्याकाळी मी गोळे करीत बसले. ती दोन करून तिसऱ्याला कंटाळली आणि तयार गोळे घेऊन आमच्या गॅलरीतून समोरच्या रिकाम्या प्लॉटमधल्या विटांच्या ढिगावर फेकू लागली. एकही चुकला नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू बाहेर येऊन बघू लागल्या. त्या काकू सहा वर्षांत माझ्याशी पाण्याच्या टँकरखेरीज दुसऱ्या विषयावर बोलल्या नव्हत्या.

"कुठल्या गं तुम्ही?" त्यांनी तिला वर पाहून विचारले.

मी आत जाऊन चहा टाकला.

आता माझ्या फेकीविषयी सांगायला हवे. मी आयुष्यात कधी काही फेकले नव्हते. लहानपणी मी डावखुरी होते; घरच्यांनी चमचा उजव्या हातात दिला, मग पेन्सिल उजव्या हातात दिली, आणि त्या गोष्टी तिथेच राहिल्या. फेकणे मात्र कुणी उजवीकडे सरकवले नाही, कारण मी ते करीतच नव्हते. आमच्याकडे मुलींनी खाली मान घालून चालायचे असे. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर, इमारतीच्या गच्चीवर, हातात धाग्याचा गोळा घेतला तेव्हा तो आपोआप डाव्या हातात गेला. इतकी वर्षे तो हात माझ्यासाठी थांबून राहिल्यासारखा वाटला. तो फारसे काही करू शकत नव्हता, पण उजव्यापेक्षा बरा होता.

पती सुकत घातलेली पापडी राखायला वर येत. "अगं, पापडी वाचव," ते म्हणत, "बाकी काही करू नकोस." पण दोनच आठवड्यांत गच्चीतल्या टाकीच्या भिंतीवर गोळा थपकन बसू लागला. एकदा असा आवाज आला की तेही मान वर करून म्हणाले, "हा बरा होता." त्या आवाजाने मला जी चटक लावली ती मी कुणाला सांगितली नाही.

शाळा उघडल्यावर आम्ही तिसरीच्या काही मुलांवर पाठ करून पाहिला. कृती तिने दाखवली; मी सांगितले की मी मागून निरीक्षण करते. खरे कारण, मुलांसमोर फेकायची मला लाज वाटत होती. ती मुलांकडे तोंड करून उभी राहिली. "बघा हं, आडवे उभे! हात मागे! पाय पुढे!" मुले तिच्यावर खिळली होती. ती चेंडू न घेता नुसती फेकीची हालचाल करून दाखवत होती, तरी एक मुलगा "आईशप्पथ" म्हणाला.

मग मुलांची पाळी आली. आवाज भरपूर, उत्साह भरपूर, आणि गोळे मात्र भिंतीपर्यंत जेमतेम.

"जोर लावा रे! सकाळी जेवला नाहीत का?" ती हसत ओरडली.

लाजाळू माणसाची नजर बहुतेक वेळ खालीच असते. मी मुलांच्या मागे उभी राहून त्यांचे पाय पाहत होते. उजव्या हाताने फेकणारी मुले उजवाच पाय पुढे टाकत होती. एकदोघे नव्हे, जवळजवळ सगळी. नवशिकेपणामुळे काही चुकणार हे मला ठाऊक होते, पण इतकी मुले एकाच तऱ्हेने चुकत नाहीत. मी पुन्हा तिच्याकडे पाहिले आणि लक्षात आले. ती उजव्या हाताने फेकते, म्हणजे तिचा डावा पाय पुढे येतो. समोर तोंड करून उभी असल्यामुळे तो डावा पाय मुलांच्या उजव्या बाजूला पडत होता. मुले आरशात पाहावे तसे तिला पाहत होती. हात कोणता हे त्यांना जेवताना, लिहिताना ठाऊक झालेले होते. पाय त्यांनी तिच्याकडून घेतला.

इतकी सुंदर फेक, आणि तिच्या सौंदर्यामुळेच मुले चुकीचे शिकत होती. मला झालेला आनंद मी इथे लपवत नाही. तो फार मोठा होता आणि तो मला घरापर्यंत पुरला.

घरी टाचण समोर घेऊन बसले. ते दोघींचे होते, पण अक्षर माझे होते. 'शिक्षिका मुलांकडे तोंड करून कृती दाखवील' हे वाक्य मीच लिहिले होते, एखाद्या पुस्तकातले असावे तसे. तिने माझ्या वाक्यानुसार वागावे आणि चुकावे यात माझा तरी काय दोष, असे मी स्वतःला बराच वेळ विचारत राहिले. उत्तर काही केल्या सोयीचे येईना. मग डोळ्यांसमोर ती तिसरीतली मुले आली, ज्यांना जेवला नाहीत का म्हणून विचारले गेले होते. मी वाक्य खोडून लिहिले: 'शिक्षिका मुलांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून कृती दाखवील, म्हणजे मुलांना हात व पाय आपल्याच बाजूला दिसतील.'

दुसऱ्या दिवशी ते वाचून तिने कपाळावर हात मारला. "अय्यो! म्हणजे मी आजवर उलटंच शिकवतेय? ताई, तुम्ही ग्रेट आहात." आणि तिने स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितले की हे ताईंनी शोधले. इतर बायका "वा" म्हणाल्या आणि तिच्या मनाच्या मोठेपणाचे कौतुक केले.

पाठाच्या दिवशी संस्थेचे तीन सदस्य आले. आंब्याच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या, मोठ्या बाई घड्याळ घेऊन बसल्या होत्या. पहिली ती. दुसरी अ तिच्यामागून मैदानात आली ती वरातीसारखी. तिने मुलांकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केले, आणि पाच शब्द पाच वेळा म्हटले. सहाव्यांदा तिने गोळा सोडला. भिंतीवर तो बसल्याचा आवाज खुर्च्यांपर्यंत गेला आणि एक सदस्य न राहवून टाळी वाजवून बसले. मुलांचे पाय बरोबर पडत होते. माझ्या वाक्यावर ते पाय पडत होते, हे तिथे दोघींनाच ठाऊक होते. अंगण साफ करण्याच्या खेळात धाग्याचे गोळे रेघेवरून पावसासारखे इकडून तिकडे जाऊ लागले, मुले किंचाळत होती, सदस्य खुर्च्या पुढे ओढत होते. शेवटच्या मिनिटाला ती म्हणाली, "सांगा, जोर कुठून येतो?" आणि अख्खा वर्ग कमरेवर हात ठेवून ओरडला, "इथून!"

माझी पाळी आली. रांगा झाल्या, नियम झाले, खांदे मोकळे झाले. आवाज जितका काढता येईल तितका काढला. मग कृतीची वेळ आली आणि मी मुलांकडे पाठ फिरवली. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला फार बरे वाटले. समोर केवळ भिंत होती. ना मुले, ना खुर्च्या, ना ती. ज्या वाक्याने तिला वाचवले होते त्यात माझ्यासाठीही आडोसा होता. डाव्या हातात गोळा घेऊन मी आडवी उभी राहिले, हात मागे, पाय पुढे, फेक. थपकन आवाज आला, गच्चीवरच्या सारखाच.

बाजूला होऊन मुलांना फेकायला सांगितले. वळून पाहिले. मुलांचे गोळे भिंतीच्या अलीकडे पडत होते. मी सवयीने खाली पाहिले. उजवा हात, उजवा पाय. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उजवे पाय पुढे.

मी डावखुरी होते. माझा उजवा पाय पुढे पडत होता आणि माझ्यामागे माझ्याच दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या मुलांनी तो निष्ठेने उचलला होता. ते वाक्य तिच्यासाठी बरोबर होते. माझ्यासाठी आधीचे, खोडलेले वाक्य बरोबर होते. माझी स्वतःची फेक मी टाचणात धरलीच नव्हती. मला वाटत राहिले होते की फेकणारी म्हणजे फक्त तीच.

मी झाडाकडे पाहिले. ती खुर्च्यांच्या मागे उभी होती आणि ओढणीच्या आडून एक बोट हवेत गोल फिरवत होती: वळा, वळा. मला कळले ते तिचे बोट दिसायच्या आधी की नंतर, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि ठरवावेसे वाटत नाही.

"थांबा," मी मुलांना म्हणाले. "चेंडू पायाशी ठेवा. बाईंचं चुकलं. आता मी आरसा आहे. आरशात बघता तसं बघायचं."

आणि मी मुलांकडे तोंड केले. तीस चेहरे माझ्याकडे पाहत होते, त्यांच्यामागे खुर्च्या, खुर्च्यांमागे ती. गोळा न घेता, अगदी सावकाश, मी ती हालचाल केली: माझा डावा हात त्यांच्या उजव्या हातासमोर, माझा उजवा पाय त्यांच्या डाव्या पायासमोर. मुलांनी केली. पुन्हा केली. एका मुलाने मागून ओरडून म्हटले, "बाई, आरसा जोरात बोला ना!" सगळी हसली, मीही हसले, आणि आवाज कुठून तरी वाढला. एक मुलगी डावखुरी होती, तिला माझा आरसा उलटा पडत होता. तिच्या शेजारी जाऊन, तिच्याच दिशेला तोंड करून, मी एकदा तिच्याबरोबर केले. मग परत समोर येऊन गोळा मुलांच्या डोक्यांवरून फेकला. तो थेट एका सदस्यांच्या पायाशी जाऊन पडला.

"अरे बेन, हमको भी खेलाओगे क्या?" ते म्हणाले.

भिंतीवर थपथप आवाज सुरू झाले. डावे पाय पुढे पडत होते. पण या सगळ्यात वेळ गेला होता. सरावाची मिनिटे मी कमी करू शकले नाही, कारण मुलांना आत्ता कुठे जमत होते. रेघेच्या दोन्ही बाजूंना गट उभे राहिले आणि पहिला गोळा पलीकडे गेला, तोच मोठ्या बाईंनी हात वर केला. शेवटचे प्रश्न राहिले. साहित्य गोळा करणे राहिले. खेळायला न मिळाल्यामुळे दुसरी ब रागावून वर्गात गेली.

चार दिवसांनी मोठ्या बाईंनी मला आधी एकटीला बोलावले.

"पाठ चांगला झाला. मध्येच सुधारलात, तेही चांगलं. पण तो संपला नाही बाई. आणि संस्थेच्या लोकांना तिची फेक दिसली, तुमचा घोटाळा दिसला. मी त्यांना आरशाचं समजावलं. त्यांनी मान हलवली." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पुढच्या वर्षी तुमची नेमणूक नेहमीसारखी होईल, त्याची काळजी नको."

मी 'हो' म्हणाले. बाहेर ती उभी होती. तिला अजून काही कळले नव्हते आणि तिने माझ्या चेहऱ्यावरून ते वाचू नये म्हणून मी नळावर जाऊन बराच वेळ हात धुतले.

आता खेळाचे सगळे तास तिच्याकडे आहेत. मुले तिच्या हातांना लटकून पाळण्यासारखी झुलतात. जानेवारीत ती एकदा माझ्या वर्गाच्या दाराशी आली.

"ताई, एक काम होतं. पाठ फिरवून दाखवलं ना, की मागं पोरं काय करतात ते मला दिसत नाही. मी गोळा टाकते तोवर दोघांची मारामारी होते. तुम्ही समोर उभ्या राहाल का? तुमच्यासारखी डावखुरी, तोंड करून दाखवू शकणारी शाळेत दुसरी कोणी नाही. मी पोरांच्यात फिरून पाय बघते."

मी जाते. आठवड्यातून दोनदा, माझ्या मोकळ्या तासाला. मुलांसमोर तोंड करून मी आडवी उभी राहते, हात मागे, पाय पुढे, आणि ती त्यांच्यामधून फिरत कुणाचा खांदा वळवते, कुणाचा पाय थोपटते. मुले माझ्याकडे पाहतात. मी त्यांच्या डोक्यांवरून तिच्याकडे पाहते. तास संपला की ती उरलेले गोळे उचलून दूरच्या टोपलीत एकामागून एक फेकते, बोलता बोलता, टोपलीकडे न पाहता. मला त्या क्षणी दरवेळी टाकीचा नळ गळताना ऐकू येतो.

मागच्या आठवड्यात टोपली उचलताना ती म्हणाली, "ताई, तुम्हाला सांगू का? मी घरी डाव्या हातानं करून बघितलं. म्हटलं आपणही पोरांसमोर तोंड करून दाखवावं, तुम्हाला किती त्रास द्यायचा. काही केल्या जमत नाही हो! गोळा जातच नाही, पायातच पडतो. माझा भाऊ हसून हसून लोळला. तुमचा हात बघते ना मी, जळायलाच होतं मला."

ती हसत होती, जशी ती सगळे हसतच सांगते. मी टोपलीची दुसरी कडी धरली. नवशिक्यांना सांगायचे वाक्य माझ्या ओठांवर होते, टाचणात ते मी स्वतःच्या हाताने लिहिले होते: सरावाने जमेल.

मी ते म्हणाले नाही. टोपली घेऊन आम्ही दोघी मैदानातून चालत आलो, आणि तेवढी वाट मला फार सुखाची वाटली.